भेटीनंतरचा मेल: बल्क कूलर प्रकल्पाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेत आज दुपारी बैठक झाली. संस्थेकडून सचिव, चेअरमन आणि बल्क कूलर सांभाळणारे ऑपरेटर होते. आमच्या शीतकरण यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीकडून विक्री अभियंता आणि टिपणे घेण्यासाठी मी. संस्थेचा बल्क कूलर म्हणजे दूध थंड करून साठवणारी ३,००० लिटरची टाकी आहे. सकाळी साधारण १,६५० लिटर आणि संध्याकाळी ९०० लिटर दूध जमा होते. सकाळचे संकलन सहाला सुरू होऊन आठच्या सुमारास संपते आणि संघाचा टँकर साडेनऊला भरून निघतो. पुष्ट काळात, म्हणजे दिवाळीच्या पुढे, सकाळची आवक १,९०० लिटरवर जाते असे सचिवांनी सांगितले.

बैठकीतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ऑपरेटरांचे होते. विक्री अभियंता ५,००० लिटरच्या टाकीची माहिती देत असताना ते मध्येच म्हणाले, "टाकी मोठी घ्यायची का हीच ठेवायची ते पुढचं पुढं. टँकर सुटताना दूध चारवर असलं म्हणजे आमचं भागलं. आत्ता ते साताच्या खाली येत नाही." चेअरमननी त्यावर मान डोलावली. सचिवांनी दोन गोष्टी जोडल्या: पहाटे वीज गेली की जनरेटर लावावा लागतो आणि डिझेलचा खर्च डोळ्यांत येतो, आणि कोणताही खरेदीचा विषय १२ सप्टेंबरच्या संचालक मंडळाच्या सभेपुढे यायला हवा. निघताना त्यांनी अंदाजे किंमतही विचारली.

चेअरमन फोन घ्यायला बाहेर गेले असताना सचिवांनी उन्हाळ्यातील एका टँकरबद्दल थोडे सविस्तर सांगितले. ते मी वहीत लिहून ठेवले आहे, पण तिथे कडेला "तोंडी" अशी खूण केली आहे. या खुणेचा उपयोग उद्या मेल तपासताना होईल.

१९ ऑगस्ट, सकाळ

विक्री अभियंत्यांनी मेलचा मसुदा रात्रीच पाठवून ठेवला होता. त्यांची बैठकीतील पकड चांगली होती आणि तांत्रिक तपशीलही बरोबर आहेत, पण मसुदा साडेचारशे शब्दांवर गेला आहे, सोबत उत्पादनांची माहितीपुस्तिका आणि ५,००० लिटरच्या टाकीचे दरपत्रक जोडले आहे आणि विषयाच्या ओळीत "भेटीबद्दल आभार व कंपनीचा परिचय" असे लिहिले आहे. पहिला परिच्छेद असा:

"आपल्या नामांकित संस्थेस भेट देण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आमची कंपनी दुग्धव्यवसायासाठी अत्याधुनिक शीतकरण यंत्रणा पुरवण्यात अग्रेसर असून दर्जेदार उत्पादने व तत्पर विक्रीपश्चात सेवा हे आमचे वैशिष्ट्य आहे."

हा मेल कोण आणि कसा वाचणार, हे आधी ठरवल्याशिवाय एकही शब्द कापता येत नाही. सचिव तो टँकर गेल्यावर, अकराच्या सुमारास, बहुधा मोबाइलवर उघडतील. त्यांना तो पटला तर ते तो चेअरमनना पुढे पाठवतील आणि पुढे त्याची छापील प्रत सभेच्या फाइलला लागेल. म्हणजे बैठकीला नसलेले दहा-बारा संचालक तोच कागद हातात घेऊन बसतील. त्यांच्यापैकी कोणालाही आमचा परिचय नको आहे. संस्थेची अडचण काय आहे आणि आता नेमके काय करायचे आहे, एवढेच त्यांना त्या कागदातून कळायला हवे. परिचयाचा परिच्छेद म्हणून संपूर्ण काढला. आभाराचे एक वाक्य ठेवले, कारण तीन जणांनी दुपारचा वेळ काढून बसणे ही खरोखर आभार मानण्याजोगी गोष्ट आहे.

दरपत्रकाचा निर्णय अधिक विचार करून घेतला. त्यांनी किंमत विचारली होती, त्यामुळे मेलमध्ये तिच्याविषयी काहीच न लिहिणे योग्य दिसणार नाही. परंतु ५,००० लिटरच्या टाकीचा आकडा सभेपुढे गेला की चर्चा त्या आकड्यावरच होईल आणि मोठी टाकी मुळात लागते का, हा प्रश्न मागे पडेल. विक्री अभियंत्यांशी फोनवर बोललो. त्यांचे म्हणणे असे की, दर आधी दिला नाही तर दुसरा विक्रेता देईल. ही भीती खोटी नाही, पण संस्थेने मोठ्या टाकीची मागणी केलेलीच नाही. शेवटी असे ठरले की, किंमत कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारे देऊ हे मेलमध्ये स्पष्ट लिहायचे आणि ती तारीख सभेच्या बरीच आधीची ठेवायची.

१९ ऑगस्ट, दुपार

गरजांच्या उजळणीवर आजचा बहुतेक वेळ गेला. मसुद्यात ती अशी होती:

"आपल्या संस्थेची दूध साठवण क्षमता अपुरी पडत असून शीतकरणाचा वेग कमी असल्याने दुधाच्या गुणवत्तेवर परिणाम होत आहे व उन्हाळ्यात टँकरबाबत आलेल्या अडचणी लक्षात घेता आपणास आधुनिक व अधिक क्षमतेच्या यंत्रणेची तातडीने आवश्यकता आहे."

या एका वाक्यात चार गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवर वेगळा उपाय करावा लागला.

साठवण क्षमता अपुरी पडते, असे बैठकीत कोणीही म्हटले नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून आज २,५५० लिटर होतात आणि पुष्ट काळात संध्याकाळची आवक १,००० लिटर धरली तरी एकूण २,९०० लिटर होतात, म्हणजे ३,००० लिटरच्या टाकीत ते मावतात. हा आमचा निष्कर्ष होता आणि तो त्यांच्या तोंडी घातला गेला होता. असे वाक्य वाचणारा सचिव पहिल्यांदा हेच म्हणेल की मी असे बोललोच नाही, आणि मग उरलेल्या मेलवरचा त्याचा विश्वास जाईल. ते काढले.

शीतकरणाचा वेग कमी आहे, हे निदान आहे. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्याहून साधी आणि मोजता येण्याजोगी आहे: साडेनऊला टँकर सुटतो तेव्हा दूध ७ अंशांच्या खाली आलेले नसते, ते ४ अंशांवर हवे आहे. उजळणीत हेच वाक्य, जवळजवळ ऑपरेटरांच्याच शब्दांत घेतले. "गुणवत्तेवर परिणाम" या शब्दांपेक्षा "साडेनऊला ४ अंश" हे अधिक उपयोगी आहे, कारण उद्या काम झाले की नाही हे थर्मामीटर पाहून कोणालाही ठरवता येईल.

निदान मेलमध्ये न घालण्यामागे तांत्रिक कारणही आहे. दोन वेळच्या संकलनासाठी बनवलेली टाकी एका वेळी आपल्या निम्म्या क्षमतेइतके ताजे दूध ठरलेल्या वेळेत थंड करील, अशी तिची रचना असते. संस्थेच्या टाकीच्या पाटीप्रमाणे ती १,५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर ३ तासांत आणते. त्या हिशेबाने शीतकरणाची ताकद सुमारे १७ किलोवॉट निघते. सकाळचे १,६५० लिटर दूध ३३ अंशांवर आले असे धरले, तर ते ४ अंशांवर आणायला याच ताकदीने ३ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. सव्वासहाला यंत्र सुरू झाले तर साडेनऊपर्यंत काम कसेबसे पुरे व्हायला हवे. प्रत्यक्षात ते ७ अंशांवर अडकते. म्हणजे यंत्र पाटीवरच्या ताकदीने चालत नसेल, किंवा आवक आम्हाला सांगितली त्यापेक्षा उशिरा येत असेल, किंवा थर्मामीटरच चुकीचे दाखवत असेल. यांपैकी कोणते खरे, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. जे आज आम्हाला माहीत नाही ते निदान म्हणून लिहून देणे हे संस्थेच्या दृष्टीने घातक आहे, कारण त्यावर काही लाखांची खरेदी ठरू शकते.

उन्हाळ्यातील टँकरचा उल्लेख पूर्ण काढला. "तोंडी" ही खूण याचसाठी होती. सचिवांनी ती गोष्ट विश्वासाने सांगितली. तिचा कागद झाला आणि तो सभेपुढे गेला तर उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावरच येईल. भेटीनंतरच्या मेलमध्ये तेच लिहावे, जे ऐकणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांसमोर पुन्हा म्हणायला हरकत नाही. बाकीचे वहीत राहिलेले बरे, आणि उपाय सुचवताना ते ध्यानात ठेवता येतेच.

"तातडीने आवश्यकता" हेही काढले. घाई संस्थेला असेल तर ती १२ सप्टेंबरच्या तारखेतून आपोआप दिसते.

डिझेलची अडचण मात्र मसुद्यात अजिबात नव्हती. आमच्याकडे तिच्यावर लगेच सांगता येईल असे उत्तर नाही म्हणून ती सुटली असावी. ती उजळणीत घातली. समोरच्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि आपण दोनच लिहिल्या, तर तिसरी आपण ऐकलीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

पुढच्या पावलाचा परिच्छेद मसुद्यात असा होता: "तरी आपण आमच्या प्रस्तावाचा विचार करून आपला निर्णय कळवावा, अथवा आमच्या कारखान्यास भेट द्यावी, अथवा प्रात्यक्षिकासाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती. काही शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा."

यात सचिवांना करण्यासारखे एकही काम नाही. निर्णय त्यांच्या हातात नाही, तो मंडळाचा आहे. कारखान्याच्या भेटीसाठी चेअरमन आणि दोन-तीन संचालकांची सवड जुळवावी लागेल. शंका आल्यास संपर्क साधा, या वाक्यावर कोणी काही करत नाही. सचिव हा मेल वाचून तो "नंतर पाहू" म्हणून बाजूला ठेवतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

मी जे पाऊल शोधत होतो ते असे हवे होते की, मेल वाचणारी व्यक्ती ते कोणालाही न विचारता, एका शब्दात मान्य करू शकेल, आणि तरीही त्यातून सभेपुढे ठेवण्याजोगे काहीतरी निघेल. टाकीवर काही दिवस तापमान नोंदवणारे यंत्र बसवणे हे तसे पाऊल आहे. त्याला पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही, संकलन थांबत नाही, आणि निदानाचा वर लिहिलेला प्रश्नही त्यातूनच सुटतो. विक्री अभियंत्यांनाही ते लगेच पटले.

मग तारखा. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. सचिव बैठकीत सहज म्हणाले होते की, गणपतीत घरोघरी दूध जास्त राखले जाते आणि आवक नेहमीसारखी नसते. तेव्हा नोंदी त्याआधीच घ्यायला हव्यात: शुक्रवारी २२ ला सकाळी बसवायचे, मंगळवारी २६ ला टँकर गेल्यावर काढायचे. एक तारीख सुचवायची आणि ती गैरसोयीची असेल तर दुसरी कोणती, हेही त्याच वाक्यात सांगायचे. "आपल्या सोयीने कधीही" असे लिहिले की तारीख ठरवण्याचे काम समोरच्यावर ढकलले जाते.

सचिवांच्या मनात येणारी शंकाही आधीच मिटवायला हवी. दुधात काहीतरी बुडवणार का, हा प्रश्न कोणीही विचारील. सेन्सर टाकीच्या थर्मामीटरसाठी असलेल्या बंद नळीत बसतो, दुधाला लागत नाही. हे एवढेच वाक्य पुरे आहे; यंत्राचे नाव, अचूकता, बॅटरी यांची माहिती काढून टाकली.

२० ऑगस्ट, बुधवार

अखेरची छाटणी सकाळी केली. छापून पाहिले, मग मोबाइलवर उघडून पाहिले. मोबाइलवर एकदा बोट सरकवले की शेवटपर्यंत पोहोचता यावे, एवढीच लांबी मी मान्य केली. "सदर", "उपरोक्त", "त्याअनुषंगाने" हे शब्द काढल्यावर वाक्ये आपोआप आखूड झाली. "नम्र विनंती" दोनदा होते, ते एकदाही लागले नाही, कारण शेवटी सरळ प्रश्न आहे आणि प्रश्न पुरेसा नम्र आहे. माहितीपुस्तिका जोडली नाही.

उजळणीच्या आधी "आम्ही टिपलेले असे; काही चुकले असल्यास दुरुस्त करावे" हे वाक्य मुद्दाम ठेवले. काही सहकाऱ्यांना ते आत्मविश्वास कमी असल्यासारखे वाटते. माझा अनुभव असा की, ग्राहकाकडून येणारी सर्वांत उपयोगी माहिती याच वाक्याला उत्तर म्हणून येते.

साडेदहाला पाठवलेला मेल:

विषय: साडेनऊला दूध ४ अंशांवर: शुक्रवारी २२ ला तापमान नोंदक बसवण्याबाबत

मा. सचिव,
सा. न. वि. वि.

सोमवारी आपण, चेअरमन साहेब आणि ऑपरेटर यांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. आम्ही टिपलेले असे. काही चुकले असल्यास दुरुस्त करावे.

१. टँकर साडेनऊला सुटतो तेव्हा दूध ७ अंशांच्या खाली आलेले नसते. ते ४ अंशांवर हवे आहे. पुष्ट काळात सकाळची आवक १,६५० वरून १,९०० लिटर होईल.
२. पहाटे वीज गेल्यावर होणारा डिझेलचा खर्च कमी व्हायला हवा.
३. खरेदीचा विषय १२ सप्टेंबरच्या सभेपुढे यायला हवा.

दूध ७ अंशांवर का थांबते, हे मोजल्यावरच खात्रीने सांगता येईल. त्यासाठी शुक्रवारी २२ ला सकाळी सहाला आमचा तंत्रज्ञ टाकीवर तापमान नोंदक बसवील आणि मंगळवारी २६ ला टँकर गेल्यावर काढून नेईल. सेन्सर दुधाला लागत नाही, संकलन थांबत नाही, खर्च नाही.

नोंदींवरून निष्कर्ष, उपाय आणि त्याची किंमत असा एक पानाचा अहवाल १ सप्टेंबरला देऊ.

शुक्रवार चालेल का? नसेल तर शनिवारी २३ ला येऊ.

कळावे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सचिवांचे उत्तर काल दुपारीच आले होते. शुक्रवार चालेल असे त्यांनी लिहिले, आणि पहिल्या मुद्द्यावर एक दुरुस्ती केली: "ऑक्टोबरपासून संघ टँकरची वेळ पावणेनऊ करणार आहे. तसे पत्र आले आहे. बैठकीत सांगायचे राहिले." मेल त्यांनी चेअरमनना पुढे पाठवला आहे, हे प्रतीच्या ओळीवरून दिसले.

या दुरुस्तीने संपूर्ण हिशेब बदलतो. साडेनऊची वेळ असती तर आहे तीच टाकी नीट करून कदाचित भागले असते. पावणेनऊला टँकर सुटणार असेल, तर सव्वासहापासून जेमतेम अडीच तास मिळतात. टाकी पाटीवरच्या पूर्ण ताकदीने चालली तरी पुष्ट काळातील १,९०० लिटर दूध तेवढ्या वेळात ४ अंशांवर येणार नाही. टाकीतील एकत्र दूध ९ ते १० अंशांच्या दरम्यान राहील. मोठी टाकी घेऊनही हा प्रश्न सुटेलच असे नाही, कारण अडचण जागेची नसून वेळेची आहे. दूध टाकीत पडण्याआधीच थंड करावे लागेल, म्हणजे संकलनाचे दूध आधी ज्यात ओततात तो डंप टँक आणि टाकी यांच्यामध्ये प्लेट चिलर आणि त्याला बर्फाचे पाणी. बर्फ रात्री साठवलेला असेल तर पहाटे वीज गेल्यावर मुख्यतः पंप चालवण्यापुरतीच वीज लागेल, आणि डिझेलच्या मुद्द्यालाही तिथे उत्तर मिळण्याची शक्यता आहे. हे आज सचिवांना कळवले नाही. दोन ओळींचे उत्तर पाठवले: दुरुस्ती नोंदवली, अहवाल पावणेनऊची वेळ धरून करू, तंत्रज्ञ शुक्रवारी सहाला येत आहे.

विक्री अभियंत्यांना यातच प्लेट चिलरची माहिती घालायची होती. मोह समजण्यासारखा आहे, पण नोंदी हातात येण्याआधी उपाय सांगितला तर नोंदी घेण्याचे कारणच उरत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

नोंदक काढून आणला. सकाळी साडेनऊच्या नोंदी रोज ६.५ ते ७.५ अंशांच्या दरम्यान आहेत, म्हणजे ऑपरेटरांचे म्हणणे बरोबर होते आणि त्यांचे थर्मामीटरही बरोबर आहे. ढवळणी चालू असतानाच्याच नोंदी धरल्या आहेत, कारण ती बंद असताना टाकीतील दूध सगळीकडे सारख्या तापमानाचे नसते. थंड होण्याचा वेग पाटीवरच्या ताकदीपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी निघतो. तंत्रज्ञाने कंडेन्सरच्या जाळीत कडब्याची धूळ आणि पिसे अडकलेली पाहिली व फोटो काढून आणले.

१ सप्टेंबर, सोमवार

अहवालासोबतचा मेल आज पाठवला. पहिल्या मेलमधील तीन मुद्दे त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत ठेवले, फक्त साडेनऊच्या जागी पावणेनऊ केले, जेणेकरून दोन्ही कागद फाइलमध्ये एकामागे एक लागले तर संचालकांना ते जुळवून पाहता येतील. मुख्य मजकूर एवढाच:

"कंडेन्सरची जाळी साफ केल्यास आजच्या आवकेला साडेनऊपर्यंत दूध ४ ते ५ अंशांवर येईल. हे काम आपले ऑपरेटर करू शकतील. त्यासाठी आमच्याकडून काही घेण्याची गरज नाही. ऑक्टोबरपासून पावणेनऊची वेळ आणि १,९०० लिटर आवक यांसाठी मात्र प्लेट चिलर लागेल. तपशील व किंमत सोबतच्या पानावर आहे. १२ तारखेच्या सभेत हा विषय दहा मिनिटे घेता येईल का? आम्ही उपस्थित राहून प्रश्नांची उत्तरे देऊ."

जाळी साफ करण्याचे वाक्य काढावे का, यावर कार्यालयात बराच वेळ चर्चा झाली. ते पहिल्या स्थानावरच ठेवले. नोंदींतून तेच आधी निघते, आणि ऑपरेटर ते स्वतः करून पाहतील तेव्हा दुसऱ्या वाक्यातील आकडाही त्यांना तपासून घेता येईल.

संध्याकाळी सचिवांचा फोन आला. विषय सभेच्या सूचनेत पाचव्या क्रमांकावर घेतला आहे आणि संचालकांसाठी दोन्ही मेलच्या प्रती त्यांनी काढल्या आहेत. सभा सकाळी अकराला आहे. विक्री अभियंता आणि मी साडेदहापर्यंत पोहोचू असे कळवले.